बर्फावरची साय

खिमा मालकांनी सकाळी आठलाच आणलता. आमच्या घाटनांदुरात रविवारी नऊच्या पुढं खिमा मिळत न्हाई. रातच्या जेवणाला पायजे आसला तरी सकाळीच घ्यायचा आन् लगेच फ्रिजात टाकायचा. मी डब्यात घालून टाकलाबी.

लेक पंचशीला सातव्या महिन्यात माहेरी आलेली. पहिलं लेकरू पोटातच गेलतं, म्हणून यावेळी माझा जीव नुसता टांगणीला. तिला मेथी घातलेला खिमा खायचे डोहाळे. जावई नवनाथरावबी सकाळी धाला आले, म्हणून मालक हवेत!

सांजच्याला सहाला डबा काढला. गार होता, वास न्हाई. फोडणीला टाकला. शिजत आल्यावर पंचशीला वाटी घेऊन पुढ्यात. "आई, चव बघू दे की!"

तेवढ्यात बाहेरून मालक वरडले, "बर्फाचं पानी द्या पावण्याला!"

मी फ्रिजचा वरचा बर्फाचा खण उघडला. रातचा बर्फ दगडावानी पायजे, आन् भांड्यात वर नुसती बर्फाची पातळ साय, खाली पानी.  मागं पंचशीलाचा चमचा तोंडाजवळ. मी झटका दिला तशी वाटी भिंतीला लागली.

"आई, काय करतीस?"

"थुंक! खाल्लंस का?"

"न्हाई गं!"

मालक आत आले. मी इचारलं, "फ्रिज कुणी बंद केलता?"

"लाईट गेलती पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत बर्फाचं पानी होतंय व्हय?"

मालकांनी मान खाली घातली. "जावयाला घाम फुटलता. कूलर लावला. बटन एकच हाय. फ्रिजची पिन आकराला काढली, चारला परत लावली."

एप्रिलचं ऊन, पत्र्याचं घर, पाच तास! चारनंतर परत गार झाला म्हणून मीबी फसले.

"आगं, चांगला उकळ, समदं मरतंय," मालक कुजबुजले. "जावयाफुडं पिठलं वाढू काय?"

मी हॉस्टेलात बारा वर्सं सैपाक केलाय. "किडं मरत्यात, त्यांनी सोडलेलं इख मरत न्हाई. आन् खिमा हाय ह्यो, सुरी समद्यात फिरलेली, तुकड्यापेक्षा लवकर बिघडतो. तुमची इज्जत मोठी का तिचं लेकरू?"

दारात नवनाथराव उभे होते. समदं ऐकलतं त्यांनी. मालकांचं तोंड पांढरंफटक पडलं. मग मालकांनीच कढई उचलली, परसात खड्डा खणला, कुत्र्यालाबी लागू नये म्हणून वर माती लोटली.

पिठलं केलं. पंचशीला रडत रडतच जेवली, बापाला म्हणाली, "आबा, उद्या सकाळी आना. सकाळीच शिजवू."

 कूलर बंद, फ्रिज चालू. लेकीच्या मागं उभं राहून मालक टावेलानं वारा घालत होते, आन् दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते.