वहीतले दहा तास

डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर तिने वही तिसऱ्यांदा उघडली. बिस्किटांच्या कारखान्यात ती तपासनीस. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, हा तिथला नियम, आणि तो तिच्या हाडीमाशी खिळला होता. आठ महिन्यांच्या चिमीची झोप तिने पंधरा दिवस मिनिटामिनिटाने लिहिली होती. रात्री साडेनऊ तास, दुपारी अर्धा. दहा! मैत्रिणींची बाळं चौदा-पंधरा तास ढाराढूर. तिच्या जिवाला नुसता घोर लागला होता.

पर्समध्ये एक बाटली होती. एका मैत्रिणीने दिलेलं सर्दीचं औषध. "दोन थेंब दे, गुपचूप झोपेल." आज रात्री द्यायचं, डॉक्टर काही का म्हणेनात, असं तिने ठरवून टाकलं होतं.

शेजारी सासूबाई चिमीला घेऊन बसल्या होत्या. आज त्या वहीकडे बघायचं टाळत होत्या.

आत तिने वही दाखवली, मैत्रिणींच्या बाळांचे तासही सांगितले. डॉक्टरीणबाईंनी चिमीला तपासलं, वजन पाहिलं, विचारलं, "घोरते का? दूध, खाणं? जागी असताना खेळते?"

"खेळते कसली, धिंगाणा घालते," ती म्हणाली.

"मग घाबरू नका. या वयात दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप सहसा पुरते. काहींना थोडी कमी-जास्त. दहा मात्र जरा कमीच वाटतात, म्हणून नीट बघू. आणि मैत्रिणी कधीपासून मोजतात? बिछान्यात ठेवल्यापासून की डोळा लागल्यापासून?"

तिला ते कुठे ठाऊक होतं! तिने बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे देऊ का?"

"मुळीच नाही. याने गुंगी येते, इतक्या लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, तू हे देणार होतीस?" त्यांनी चिमीला उराशी धरलं. "ती झोपते गं! तू कामावर गेलीस की माझ्या मांडीवर. सकाळी तास, दुपारी दीड. मांडीवर झोपवायचं नाही, असं तू फ्रिजवर लिहून लावलंस, म्हणून मी बोलले नाही. त्याशिवाय पाळण्यात ती अर्धाच तास टिकते. तेवढाच सांगायचे."

डॉक्टरीणबाई हसल्या. "म्हणजे साडेबारा. झालं की! आजी, तुमचा डोळा मिटायला लागला, की मात्र तिला पाळण्यात ठेवायचं, बरं का."

तिला रागही आला आणि लाजही वाटली. आपल्या धाकापायी घरातली माणसं बाळाची झोप चोरून सांभाळत होती, आणि आपण त्याला गुंगीचं औषध द्यायला निघालो होतो. तिने बाटली डॉक्टरीणबाईंकडेच ठेवली.

रिक्षात चिमी सासूबाईंच्या मांडीवर पेंगली.

"आई, उद्यापासून वेळ लिहून ठेवाल?"

"हात मोकळा कुठे असतो माझा?"

घरी येताच तिने फ्रिजवरचा कागद काढला आणि वहीबरोबर कपाटात टाकला.