दोन मोटारींमधले ठोके

वस्तीच्या टाकीत पाणी घोट्यापर्यंतसुद्धा आलं नव्हतं. सोमवारी मारुतीपुढं सोसायटीची बैठक भरली, तेव्हा भिवराबाईनं हंडा आपटूनच सुरुवात केली.

"गावाच्या टाकीला पाणी, वस्तीच्या टाकीला वारं! धरणात दोन मोटारी, दोन्ही सोसायटीच्या. मग आमची मोटार काय सासरला गेलीय का?"

बायका हसल्या. भारत हसला नाही. भारत म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहोच म्हणते. पाणीपुरवठा सोसायटीच्या पंपघरावर तोच ऑपरेटर आहे. एक नंबरची मोटार गावाला पाणी चढवते, दोन नंबरची आमच्या वस्तीला. माजलगावच्या धरणात यंदा मृतसाठाच उरलाय. पंपघराची विहीर त्याच पाण्यात आहे आणि पाणी रोज खाली सरकतंय.

"दोन नंबर हवा धरतीय, भिवरामावशी," भारत म्हणाला. "तिचा फुटव्हॉल्व्ह, पाणी वढायचं तोंड, वर हाय. पाणी कमी, हवा जास्त. मोटार नुसती फिरती, भार येत न्हाई तिच्यावर. मी काय करू?"

"का मोहनरावाच्या उसात फिरती?"

मोहनराव आमच्या सोसायटीचे चेअरमन. उसाला पाणी द्यायची तहसीलदारांनी बंदी केली होती, तरी त्यांचा ऊस रस्त्यावरून हिरवा दिसायचा. स्वतःची बोअर आहे, असं ते सांगायचे.

भारतचा चेहरा उतरला. माझ्या नवऱ्याला चारचौघांत चोर म्हणत होते. तनू, आमची दीड वर्षाची पोर, त्याच्या कडेवर होती. तिनं हात पसरले तशी त्यानं तिला माझ्याकडं दिलं. आमच्याकडं भांडण मिटवायची एक रीत आहे. घरच्या बाईनं मारुतीपुढं उभं राहायचं, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि बोलायचं. त्यानंतर कुणी शब्द काढत नाही.

मी बीएस्सी आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तनूला गेल्या महिन्यात दोनदा जुलाब झाले होते, आणि तेव्हापासून माझा कशावर विश्वास आहे नि कशावर नाही, हे मला नीट सांगता येत नाही. तरी मी तिच्या टाळूवर हात ठेवला.

"वस्तीचं पाणी माझ्या नवऱ्यानं कुणाला दिलं असंल तर माझ्या लेकीला लागू दे."

भिवराबाईनं हंडा उचलला. "बास. मिटलं," म्हणाली. भारत बाजूला उभा होता. त्यानं मला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तनूला घेऊन पंपघरावर डबा द्यायला गेले. आश्रुबा वायरमन तिथं होता. त्यानं एक नंबरचं बेअरिंग बदललं होतं आणि फेरे मोजायचं यंत्र दांड्याच्या टोकाला टेकवून बसला होता.

"चौदाशे पंचावन्न," तो म्हणाला. "मिनिटाला. झ्याक चाललीय, वहिनी."

"दोन नंबरचे बघा की."

"तिचा दांडा जाळीत बंद हाय. भार दाखवायचा ॲमीटर बी गेलेला. भारतला म्हणलं बदलू, तर म्हणतो राहू दे, चालतंय."

आश्रुबा हत्यारं गोळा करून गेला. भारत बाहेर बाभळीखाली जेवायला बसला. मी तनूला मांडीवर घेऊन आत सावलीत थांबले. दोन्ही मोटारी चालू होत्या.

आवाज आधीही ऐकला होता, पण त्या दिवशी तनू त्याच्यावर डोलायला लागली. घूंऽ-घूंऽ-घूंऽ. मोटारींची एकसारखी घरघर, आणि तिच्यात चढ-उतार. आवाज भरून यायचा, ओसरायचा, परत भरायचा. तनूची मान बरोबर त्या भरण्यावर हलत होती.

हे मला माहीत होतं. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रयोगशाळेत दोन नादकाटे एकदम वाजवले की असंच व्हायचं. पुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात. आम्ही ठोकेच म्हणायचो. दोन स्वरांची कंपनं जवळजवळ सारखी असली की कधी ते एकमेकांना धरतात, कधी तोडतात. सेकंदाला जितके ठोके, तितकाच दोघांच्या कंपनांत फरक. एका काट्याची कंपनं माहीत असली की दुसऱ्याची काढता येतात.

आणि एकीची मला माहीत होती. आश्रुबानं आत्ताच सांगितली होती.

खरं सांगायचं तर मला काही शोधायचं नव्हतं. मला भारतचं म्हणणं खरं ठरवायचं होतं. भिवराबाईनं परत तोंड उघडलं, तर तिच्यापुढं टाकायला माझ्याकडं शपथेपेक्षा भक्कम काहीतरी असावं. आणि तनूसाठीही. रात्रभर मी तिच्या कपाळाला हात लावून बघत होते.

मोटारीच्या मागं वारा घालणारा पंखा असतो. दोन्हींना सहा-सहा पाती. एक नंबर मिनिटाला चौदाशे पंचावन्न फेरे, म्हणजे सेकंदाला सव्वाचोवीस. गुणिले सहा, एकशे साडेपंचेचाळीस. ही तिची घरघर. मोबाईलवर घड्याळ लावून ठोके मोजले. दहा सेकंदांत पंधरा. म्हणजे सेकंदाला दीड. दुसरी मोटार एकशे सत्तेचाळीस तरी असणार, नाहीतर एकशे चव्वेचाळीस.

फेऱ्यांत सांगायचं, तर चौदाशे सत्तर किंवा चौदाशे चाळीस.

मोटारीवर भार कमी असला की ती थोडी जोरात फिरते. हवा धरणारा पंप हलका, म्हणून चौदाशे सत्तर. भारत म्हणाला तसंच. पूर्ण पाणी ओढणारा पंप जड, तो चौदाशे चाळीसवर येतो. दोन नंबरच्या पट्टीवर कंपनीनं पूर्ण भाराचा तोच आकडा कोरला होता.

मी चौदाशे सत्तर धरून मोकळी झाले. मग आमच्या लॅबच्या सरांचं वाक्य आठवलं: "ठोके फरक सांगतात, बाजू सांगत नाहीत." बाजू कळायला सर एका काट्याला मेण लावायचे. त्याचा स्वर जरा उतरायचा. मग ठोके वाढले की कमी झाले, यावरून दुसरा काटा वर आहे की खाली, ते ठरायचं.

इथं मेण लावायचं कशाला? मला मोटारीचा स्वर उतरवता येत नव्हता, पण चढवता येत होता. एक नंबरचा व्हॉल्व्ह थोडा आवळला की तिचं पाणी कमी होणार, भार कमी होणार, ती जरा जोरात फिरणार. दोन नंबर वर असेल, तर एक नंबर तिच्या जवळ जाणार आणि ठोके मंद होणार. मंदच होणार होते.

मी तनूला पोत्यावर बसवलं आणि चाक फिरवलं.

घूं-घूं-घूं-घूं. ठोके घाईला आले.

मी मोजले. दहा सेकंदांत वीस. चाक मागं फिरवलं, पुन्हा पंधरा. चाक उलट्या बाजूला तर फिरवत नाही ना, म्हणून व्हॉल्व्हवरचा बाण बघितला. परत आवळलं. परत वीस.

दोन नंबर हलकी नव्हती. भरल्या भारानं चालत होती, तीही एक नंबरपेक्षा जड. तिच्यातून पाणी पुरेपूर चढत होतं. फक्त आमच्या टाकीत ते पोचत नव्हतं.

भारत हात धुवून आत आला. मी चाकावर हात ठेवून उभी होते.

"काय करतीस ग? सोड ते."

"अहो, दोन नंबर हवा धरत नाही."

"तुला काय ठाव?"

मी सांगितलं. पहिल्यांदा तो हसला. मग मी व्हॉल्व्ह आवळून ऐकवलं, सोडून ऐकवलं. तो हसायचा थांबला आणि दाराबाहेर बघून आला.

"हळू बोल."

"कुठं जातंय पाणी?"

"ओढ्याच्या वळणावर वस्तीच्या पाइपाला फाटा काढलाय. मोहनरावांनी." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "कारखान्यावर कायम करतो म्हणालेत. तुलाच पाहिजे ना कायमची नोकरी? रोज म्हणतीस, पोरीचं कसं हुईल, पोरीचं कसं हुईल."

"मी शपथ घेतली."

"तुला कुणी सांगितलं हुतं? मी म्हणलो का घे?"

"तुम्ही तनूला माझ्या हातात दिलंत."

त्यानं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. मग म्हणाला, "ती तुझ्याकडं येत हुती." हे खरंच होतं. तनू येतच होती. त्यानं फक्त तिला आवरायला हवं होतं.

"आज टाकी भरती," तो म्हणाला. "तुझी शपथ खोटी व्हायची न्हाई. बास?" मोटारसायकलला किक मारून तो ओढ्याच्या बाजूनं गेला.

मी तिथंच बसून राहिले. मोटारी चालू होत्या. बऱ्याच वेळानं ठोके बदलायला लागले. पंधराचे दहा झाले, मग पाच. एकेक ठोका लांबत गेला, एवढा की दोन भरण्यांमध्ये तनूचं डोलणं थांबायचं. मग नुसती सपाट घरघर उरली. दोन्ही मोटारी एका स्वरात.

माझा नवरा तिकडं वळणावर फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करत होता, तसं दोन नंबरमधून पाणी कमी वाहून तिचा भार उतरत होता, आणि मी त्याचा एकेक वळसा इथं बसून ऐकला होता.

उन्हं कलली तेव्हा वस्तीच्या टाकीला काठोकाठ पाणी होतं. बायकांनी भारतभोवती गर्दी केली होती. तो कमरेला हात लावून सांगत होता, "फुटव्हॉल्व्ह खाली घेतला. हवा निघाली समदी."

मला बघून भिवराबाई पुढं आली. तिनं तनूच्या गालाला हात लावला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "लेकरा, तुझ्या आईचं खरं निघालं. मी लई वाईट बोलले, बाई. मनात ठिवू नको."

भारतनं माझ्याकडं बघितलं. एवढंच करायचं होतं. गप्प राहायचं. पाणी आलं होतं, शपथ शाबूत होती, नोकरी यायची होती. उद्या-परवा तो फाटा पुन्हा थोडाथोडा उघडला असता. आणि दर वेळी कुणी बोट दाखवलं की त्यानं तनूला माझ्या हातात दिलं असतं.

"भिवरामावशी, हवा नव्हतीच," मी म्हणाले. "ओढ्याच्या वळणाला फाटा आहे. पाणी मोहनरावांच्या उसात जात होतं. आज दुपारी बंद केलाय."

कुणीतरी कळशी खाली ठेवली.

"मंग काल पोरीच्या टाळूवर हात ठिवून काय बोलली तू?" भिवराबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"मला घरात जे सांगितलं, ते."

"घरात सांगितलं, अन् तुला ठाव न्हवतं? शिकलेली ना तू?" ती एक पाऊल मागं सरली. "तू बी त्याच घरची की."

"तिचं डोकं फिरलंय," भारत बायकांकडं बघून म्हणाला. "मोटारीचा आवाज ऐकून सांगती म्हणे. आवाज ऐकून!"

दोघीजणी हसल्या. मला त्यांना काट्यांचं, मेणाचं सांगायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच: "वळणावर खणा. माती ओली असेल."

भिवराबाईनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. हसणं आपोआप थांबलं. तिनं पदर खोचला आणि टाकीजवळचा टिकाव उचलला. दगडाबाईनं कुदळ घेतली. बाकीच्या मागं निघाल्या. मला कुणी ये म्हणालं नाही.

भारत मोटारसायकलकडं गेला. मागच्या सीटवर मला जागा करायला तो नेहमी जरा पुढं सरकतो. त्या दिवशी तो मधोमध बसला आणि मोहनरावांच्या वाड्याच्या रस्त्याला लागला.

तनूला घेऊन मी बायकांच्या मागून चालू लागले, थोडं अंतर ठेवून.