‘नाही’ दाबल्यावर

सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चार वाजता विक्री विभागाचे साहेब मामांना बोलावणार होते आणि त्यांची नोकरी राहणार की जाणार ते तिथेच ठरणार होतं. मामा म्हणजे दुकानोदुकानी फिरून ऑर्डर घेणारा, कंपनीत एकवीस वर्षं काढलेला जुना माणूस; सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणे. गेल्या अकरा दिवसांत त्यांची एकही ऑर्डर अ‍ॅपवर आली नव्हती. साहेबांचं म्हणणं, मामा फिरतच नाहीत, अ‍ॅप बंद पडतं ही नुसती सबब. अ‍ॅप तिनं बनवलेलं. मामांच्या तीन तक्रारी तिनंच ‘माझ्याकडे व्यवस्थित चालतं’ असं लिहून मिटवल्या होत्या.

दुपारी राहवेना, तेव्हा तिनं मामांना गोदामाच्या पायरीवर गाठलं आणि दाखवा बरं म्हणाली. मामांनी ऑर्डर भरली, ‘जतन करा’ दाबलं आणि अ‍ॅप गायब झालं. पहिल्यांदा फोननं काही विचारलं होतं का, असं तिनं विचारलं. विचारलं होतं की, ठिकाण कळू द्यायचं का म्हणून. मामांनी नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. मग फोननं विचारणंच सोडलं.

“फोन माझा आहे,” मामा म्हणाले. “दुपारी घरी जाऊन बायकोला भरवतो, ती अंथरुणाला खिळलीय. ते नकाशावर कशाला?”

ऑर्डरसोबत ठिकाण घ्यायची सोय तिनंच दोन आठवड्यांपूर्वी घातली होती. स्वतःच्या फोनवर एकदा ‘हो’ दाबलं, फोननं ते लक्षात ठेवलं, आणि या शहाणीनं ‘नाही’ कधी दाबून पाहिलंच नाही. अ‍ॅप बंद पडल्याच्या नोंदीही येत होत्या. जुना फोन असेल, म्हणून तिनं त्या उघडल्याच नव्हत्या.

टेबलाशी येऊन तिनं आपल्या फोनवर ठिकाणाची परवानगी काढली आणि ‘जतन करा’ दाबलं. अ‍ॅप तिच्याच हातात बंद पडलं. दुरुस्ती चार-पाच ओळींची होती: आधी परवानगी आहे का बघायचं, नसेल तर ठिकाण रिकामं ठेवून ऑर्डर जाऊ द्यायची, आणि ठिकाण द्यायचं असल्यास सेटिंगमधून चालू करा, असं खाली सांगायचं. एवढं लिहिताना तिची बोटं दोनदा चुकली.

पावणेचारला नवं अ‍ॅप मामांच्या फोनवर चढलं. ऑर्डर गेली. मामांनी ती पुन्हा उघडून पाहिली.

“मला वाटायचं, माझंच बोट चुकतंय. रोज रात्री बायकोसमोर सराव करायचो.”

तिला लाज वाटली. आता ऑर्डरी दिसू लागतील, साहेबही शांत होतील, असं ती घाईघाईनं बोलली. इथंच सुटका व्हावी असं तिला फार वाटत होतं.

“उद्याच्या दिसतील गं,” मामा म्हणाले. “पण अकरा दिवस मी खोटा ठरलो, ते कोण दुरुस्त करणार?”

आतून साहेबांनी मामांना हाक मारली. ती मामांच्या आधी आत शिरली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “साहेब, त्या तीन तक्रारी खऱ्या होत्या. मी न तपासताच मिटवल्या.”