पुलाजवळचा काळा पिकअप

जुन्या गिटारींच्या दुकानात दिवसभर फोटो बघून जाहिराती लिहिता लिहिता तिचे डोळे शिणले होते. त्यात वहिनीने एक फोटो पाठवला. ‘तुझ्या दादाची गिटार विकायचीय. कपाटामागे धूळ खात पडलीय. कुठली आहे ते सांग.’

तिने उसासा टाकून फोटो मोठा केला. कमरेत बारीक अंग, दोन शिंगं, त्यातलं वरचं लांब, खाली तारा टेकतात त्या पुलाला हलवायचा दांडा. इलेक्ट्रिक गिटारीतला स्ट्रॅट प्रकार, यात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. तारांखाली त्यांचा आवाज पकडणारे तीन पिकअप. मानेकडचा आणि मधला अरुंद, पांढऱ्याचे पिवळट झालेले. पुलाजवळचा मात्र दुप्पट रुंद, काळा, कोरा करकरीत.

तिने फोन लावला. “वहिनी, स्ट्रॅट आहे. दोन अरुंद पिकअप सिंगल कॉइल आणि पुलाशी तो रुंद, हंबकर. पण हंबकर नवाकोरा दिसतोय. आवाज दणदणीत हवा असला की बसवतात तो. धूळ खाणाऱ्या गिटारीवर कोण खर्च करतं?”

वहिनीने आवाज खाली आणला.

“तुझ्या दादानेच मागच्या महिन्यात बसवलाय. तेव्हापासून या घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. तू आपली जाहिरातीत धूळ खाते असंच लिही, माझे बाई.”