सत्तावीस, पाच, एकोणतीस

ज्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं, ते अकरा दिवस त्याच्या टेबलाच्या खणात पडून होतं. पाकिटावर लिहिलं होतं, 'तपासणाऱ्या साहेबांस'. त्या कचेरीत त्याला साहेब म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती, आणि तिचीच त्याने उपेक्षा केली. यालाच कर्तृत्व म्हणत असतील तर तो कर्तृत्ववान होता.

आयुष्यभर त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या ग्रंथांतले काना-मात्रा सुधारता सुधारता म्हातारा झाला, आणि छापखाना बंद पडल्यावर या प्रवास कंपनीत चिकटला. काम एकच. टायपिस्टने भरलेला व्हिसाचा अर्ज प्रवाशाच्या पासपोर्टच्या झेरॉक्सशी ताडायचा आणि कोपऱ्यात 'तपासले' लिहून सही ठोकायची. झेरॉक्स यंत्र असं होतं की पासपोर्टवरची नक्षी काळीकुट्ट यायची आणि त्यात बारीक छपाई बुडून जायची. पानाच्या तळाशी यंत्रासाठी छापलेल्या दोन ठळक ओळी तेवढ्या शाबूत राहायच्या. म्हणून तारखा तिथूनच उचलायच्या, असा साहेबांचा हुकूम होता.

पत्र एका विधवा बाईचं होतं. अक्षर थरथरतं, पण ओळ सरळ. 'माझ्या मुलाचं परदेशात पंधरा डिसेंबरला हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी मला त्याला बघायचंय. दहा डिसेंबरला पोहोचेन. तो म्हणतो, तिथे उतरल्यापासून पुढे सहा महिने पासपोर्ट चालायला हवा, नाहीतर विमानात चढूच देत नाहीत. तुमच्या कागदावर मुदत २७ मे २०२९ लिहिली आहे. मला मोतीबिंदू आहे, वरचं बारीक दिसत नाही. भिंगातून खालची ओळ दिसते, तेवढे आकडे उतरवून पाठवते. माझ्या जन्माचे आकडे उलटे वाटतात, म्हणून मनात शंका आली. शेजारी म्हणाला, कंपनीने लिहिलंय ते खरं. फोनवर मला ऐकू येत नाही, लिहून कळवा.'

खाली आकडे होते. ४८०३१६२, मग बाई असल्याची खूण म्हणून एक अक्षर, मग २७०५२९५.

पहिल्याच दिवशी आकडे वाचून चूक त्याच्या लक्षात आली होती. मग त्याने नेहमीचं केलं. खण लावला. आपलंच चुकत असेल, साहेबांना कळत नसेल का, आपण कोण? असल्या प्रश्नांवर त्याने जन्म काढला होता. लोक त्याला नम्रता म्हणत. होती मात्र निव्वळ भित्री पळवाट.

बाराव्या दिवशी त्याने पत्र काढलं आणि पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली. ही रीत त्याला छापखान्यात पासपोर्टच्या नियमांची एक पुस्तिका तपासताना कळली होती. प्रत्येक तारखेचे सहा आकडे, आणि सातवा पडताळणीचा. आकड्यांना ओळीने सात, तीन, एक, पुन्हा सात, तीन, एक यांनी गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा सातव्याशी जुळला पाहिजे. मुदतीची बेरीज आली पंच्याऐंशी. सातवा आकडा पाच. जन्माची आली ब्याऐंशी. सातवा दोन. बाईने भिंगातून एकही आकडा चुकवला नव्हता. डोळे असलेल्यांच्या कचेरीत मात्र आनंदीआनंद होता.

"ताई," तो टायपिस्टपाशी गेला, "या बाईंची जन्मतारीख कशी भरलीस गं?"

"कुठल्या? हां, त्या आजी. अहो आजोबा, चौकटी दिवस-महिना-वर्ष अशा आहेत ना. मी चार-आठ टाकलं तर संगणक ओरडला, अठ्ठेचाळीस तारीख नसते म्हणून. मग उलटं करून सोळा मार्च एकोणीसशे अठ्ठेचाळीस टाकलं. गप्प बसला."

"आणि मुदत?"

"ती सरळ टाकली. सत्तावीस, पाच, एकोणतीस. ओरडला नाही."

"ओरडला नाही म्हणून बरोबर?"

"मग काय! इथे कोणी ओरडलं नाही की काम बरोबर असतं," ती हसली. "आणि तुम्हीच तर तपासले लिहिलंत."

ते खरं होतं. सही त्याचीच, वळणदार, छापखान्यातल्या सवयीची. त्याने अर्ज पाहिलाही नव्हता. साहेबांनी स्वतः गठ्ठा आणून ठेवला होता ना, मग पाहायचं कशाला!

साहेब काचेच्या खोलीत दोन फोन आणि एक पेन यांच्यामागे बसत. पेन कधी उघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"साहेब, त्या ओळीत वर्ष आधी असतं. मग महिना, मग दिवस. या बाईंची मुदत एकोणतीस मे दोन हजार सत्तावीसला संपते."

"काका, तुम्ही पुस्तकं तपासायचात ना? मग पुस्तकंच तपासा."

"त्याच ओळीत जन्म अठ्ठेचाळीसने सुरू होतो. अठ्ठेचाळीस हा दिवस असूच शकत नाही."

"तो पासपोर्टवाल्यांचा घोळ. जन्म उलटा छापलाय."

"म्हणजे एकाच ओळीत जन्म उलटा आणि मुदत सुलटी?"

"संगणकाने घेतलं की नाही?"

"घेतलं."

"मग संगणकापेक्षा तुम्ही शहाणे?"

आयुष्यात पहिल्यांदाच या प्रश्नाचं उत्तर त्याला चटकन सुचलं, पण जिभेवर आलं नाही. त्याऐवजी तो म्हणाला, "या दहा डिसेंबरपासून सहा महिने म्हणजे दहा जून दोन हजार सत्तावीस. बाईंना बारा दिवस कमी पडतात. विमानतळावरून परत पाठवतील त्यांना. मुलाचं ऑपरेशन आहे."

"ते विमानतळवाले बघतील. तारीख चुकली असं कंपनीच्या कागदावर लिहून दिलं, तर उद्या शंभर जण दारात उभे राहतील. पत्राला उत्तर नाही द्यायचं, कळलं? उत्तर नाही म्हणजे तक्रार नाही." साहेबांनी एक फोन कानाला लावला. तो वाजलाही नव्हता.

म्हातारा जागेवर येऊन बसला. त्याला साहेबांची कीव करायची होती, पण जमेना. साहेब निदान आजपर्यंत अज्ञानाने गप्प होते. त्याला तर सगळं कळत होतं, तरी अकरा दिवस तो त्याच धोरणाचा निष्ठावान सेवक होता. फरक एवढाच की त्याला काचेची खोली नव्हती.

नवा पासपोर्ट मिळायला तीन आठवडे लागत. ऑक्टोबरचा अजून एक आठवडा शिल्लक होता. पत्र पोहोचायला तीन दिवस. जमण्यासारखं होतं, पण आज लिहिलं तर.

त्याने कंपनीचा कागद बाजूला सारला आणि आपल्या वहीचं पान फाडलं. पहिला मसुदा दीड पानाचा झाला, त्यातलं एक पान त्याच्या संकोचाचं. ते त्याने संपादकाच्या निर्दयतेने छाटलं. दुसऱ्यात 'बहुधा' तीनदा आलं होतं. तेही काढलं. उरलं ते असं:

'बाईसाहेब, आपली शंका बरोबर आहे. आमचा कागद चुकीचा आहे. खालच्या ओळीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो. आपला पासपोर्ट २९ मे २०२७ ला संपतो. या मुदतीवर आपल्याला विमानात चढू देणार नाहीत. हे पत्र मिळताच नूतनीकरणाचा अर्ज करा, एक दिवसही दवडू नका. ऑपरेशनची कागदपत्रं जोडा आणि घाईचा अर्ज मागा. नवा क्रमांक मिळाला की व्हिसा आणि तिकिटावरही तोच घालून घ्यायला सांगा. आपण आकडे अचूक उतरवलेत. अर्जावर तपासले ही सही माझी आहे. मी तपासलं नव्हतं. उत्तरालाही अकरा दिवस मीच लावले. साहेबांना वाईट वाटेल, पण त्याची काळजी आपण करू नका.'

शेवटचं वाक्य त्याने खोडलं. फुशारकी वाटली.

"आजोबा, जेवणाची सुट्टी अजून झाली नाही," टायपिस्टने टोकलं. "साहेब विचारतील."

"सांग, तपासायला गेलेत."

"काय तपासायला?"

"टपाल कचेरी उघडी आहे का ते."

खिडकीपुढे चौघांची रांग होती. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने पाकीट आत सरकवलं. कारकुनाने पाकीट काट्यावर टाकलं, पत्ता वाचला आणि कंटाळून विचारलं, "साधं की नोंदणी?"

"नोंदणी," तो म्हणाला. एकदा बोलल्यावर त्याला ते पुरेसं मोठ्याने वाटलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "नोंदणी करा. आजच निघालं पाहिजे."

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात फेकलं.