अतोनात दुःखाची ओळ

आता अनंत गुरुजींना राग येणारच की! जन्मभर बीबी गावच्या पोरांना निबंध शिकवले, आणि त्यातल्याच एका पोरानं, वैजनाथनं, त्यांच्या आठवणींवर लाल पेन्सिल चालवावी? वैजनाथ गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक काढत होता. गुरुजींच्या लेखातल्या एकाच ओळीखाली त्यानं रेघ मारली होती: ‘आई गेली तेव्हा बाबांना अतोनात दुःख झाले.’

“गुरुजी, हे तर कोणाच्याही बाबांबद्दल लिहिता येतं. तुमच्या बाबांनी केलं काय?”

“गाढवा, या ओळीला मी तुला दहापैकी आठ गुण दिले असते!”

“दिलेच होते,” वैजनाथ म्हणाला.

गुरुजी तणतणत घरी आले. थोरली बहीण जनकाबाई दिवाळीला माहेरी आली होती, ओसरीत तूरडाळ निवडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. गुरुजींनी तिला ती ओळ वाचून दाखवली.

“झूट!” जनकाबाई उसळली. “बाच्या डोयातून टिपूस नाही निघाला. आई गेली अन् दुसऱ्याच दिवशी म्हशीखाली जाऊन बसला दूध काढाले. म्या अजून माफ नाही केलं त्याले.”

गुरुजी चपापले. घाईघाईनं त्यांनी ओळ खोडून लिहिलं, ‘बाबांवर दुःखाचा डोंगर कोसळला.’ जनकाबाईनं नाक मुरडलं. खरं काय लिहायचं ते गुरुजींना ठाऊक होतं, पण लाज वाटत होती. बाबा म्हणजे एवढा दरारा असलेला माणूस, गाव हसेल त्यांना! पण बहिणीनं बाबांना दगड समजावं, हे काही त्यांना सोसेना. त्यांनी तेही खोडलं, बराच वेळ लिहीत बसले, आणि मग वाचलं:

‘आमची म्हैस आईशिवाय कुणाला दूध देत नसे. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, जनका झोपेत असताना, बाबांनी धोतरावरच आईचं हिरवं लुगडं गुंडाळलं, मिशांवरून पदर घेतला आणि म्हशीखाली बसले. म्हशीनं पदर हुंगला आणि पान्हा सोडला. मी दाराआडून फिदीफिदी हसलो. चरवी भरली, दूध उतू जाऊन शेणात चाललं, तरी बाबांचे हात थांबेनात. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला.’

जनकाबाईचा हात डाळीतच राहिला.

“मले काऊन नाही सांगितलं रे?”

“मला ती गंमतच वाटायची गं. लिहिताना कळलं.”

“मिशांवरून पदर!” ती हसली, आणि हसता हसता ढसाढसा रडली. “त्यानं दुधाचा पेला पुढं केला होता मले. म्या ढकलून देल्ला. म्हटलं, याले दूध सुचून राह्यलं.”

गुरुजींचेही डोळे भरून आले, पण मनातून बरं वाटत होतं. ते कागद आवरायला लागले, तशी तिनं त्यांचा हात धरला.

“ठेवू नको. आणखी एकडाव वाच माह्या बाले.”