अंगणातलं ऊन

सोलच्या टेकडीवरचं ते घर दुसऱ्या दिवशी पाडणार होते. दिग्दर्शक सोकग्यू तिथे आपल्या वारलेल्या आईवर लघुपट करत होता. उन्हात वाळत टाकलेला मुळ्याचा पाला आई गोळा करते, या एका शॉटसाठीच त्याने सगळा घाट घातला होता. सहायक ओकबिनने शॉटची यादी आणि वेळापत्रक आखलं होतं. आईचं काम करणारी अभिनेत्री दुसरीकडचं शूटिंग उरकून येणार, म्हणून हा शॉट चार वाजता, सगळ्यात शेवटी ठेवला होता. ऑक्टोबरात जागा पाहिली तेव्हा चारला अंगणात लख्ख ऊन होतं. आता डिसेंबर होता, आणि जेवणं होताहोताच समोरच्या टॉवरची सावली अंगणात शिरली.

"बाईंना आत्ताच बोलाव," सोकग्यू म्हणाला.

"फोन केला, सर. तिकडे सोडत नाहीयेत."

"मग खोलीतले शॉट गाळ."

"गाळते, पण ऊन कुठे थांबतंय? आणि आपले दोन दिवे एवढ्या अंगणाला पुरणार नाहीत."

बाई धावतपळत आल्या तेव्हा अंगण राखाडी झालं होतं. त्यांनी पाला गोळा केला, अगदी मन लावून.

"नीट झालं ना?" त्यांनी विचारलं.

"छान झालं," सोकग्यू म्हणाला आणि पाठ फिरवून केबल गुंडाळू लागला.